मॉडेलची ९५ टक्के खात्री कितपत खरी? आंब्याच्या मोहोराचे उदाहरण, टेम्परेचर स्केलिंग आणि रिलायबिलिटी डायग्राम

प्रश्न: आंब्याच्या मोहोराच्या फोटोवरून निरोगी, भुरी, करपा आणि तुडतुडे असे चार वर्ग ओळखणारे मॉडेल मी तयार केले आहे. फोटो रत्नागिरी तालुक्यातील बागांमधले आहेत. टेस्ट सेटमधील ५०० फोटोंपैकी ४२० बरोबर येतात, म्हणजे ८४ टक्के, पण मॉडेलची सरासरी खात्री ९३ टक्के दिसते. टेम्परेचर स्केलिंग केल्यावर T ची किंमत १.८ आली. अचूकता मात्र जराही वाढली नाही. रिलायबिलिटी डायग्राममध्ये ०.५ ते ०.६ चा स्तंभ रेषेच्या बराच वर आहे आणि शेवटचा किंचित खाली. माझे काही चुकले आहे का? आणि आता ९० टक्क्यांच्या वर खात्री असेल तर बागायतदाराला थेट फवारणीचा सल्ला दाखवू का? दोन्ही वेळचे तक्ते जोडले आहेत.

उत्तर: अचूकता वाढली नाही हे बरोबरच आहे, ती वाढायला नकोच होती. आपल्या डायग्राममधील उंच स्तंभही काळजी करण्यासारखा नाही. खरी अडचण आपल्या शेवटच्या वाक्यात आहे. ९० टक्के हा आकडा पडद्यावर दाखवणे आणि त्या आकड्याच्या भरवशावर कोणाला तरी औषधाचा पंप उचलायला लावणे यांत बरेच अंतर असते. ते अंतर किती आहे हे आपला व्हॅलिडेशन सेट, म्हणजे प्रशिक्षणात न वापरता T काढण्यासाठी बाजूला ठेवलेले फोटो, कसा तयार झाला आणि चुकीच्या सल्ल्याची किंमत किती, या दोन गोष्टींवर ठरते. या दोन्ही गोष्टी प्रश्नात आलेल्या नाहीत, म्हणून उत्तरात काही ठिकाणी मला ‘असे असेल तर’ म्हणावे लागेल. मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील बागांच्या फोटोंवर याच प्रकारचे काम करतो, त्यामुळे उदाहरणे मोहोराचीच घेतो.

प्रथम खात्री या आकड्याचा अर्थ निश्चित करू. हवामान खात्याने ज्या ज्या दिवशी ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ असे सांगितले ते सगळे दिवस वेगळे काढले आणि त्यांतील साधारण ७० टक्के दिवशी खरोखर पाऊस पडला, तर तो अंदाज कॅलिब्रेटेड आहे असे म्हणता येते. एका दिवसाच्या पावसावरून हे ठरत नाही, त्यासाठी अनेक दिवसांचा गठ्ठा लागतो. संभाव्यतेचे अंदाज पडताळण्याची ही रीत हवामानशास्त्रातच रुजली. ग्लेन ब्रायर यांचा आजही वापरात असलेला गुणांक १९५० सालचा आहे. आपल्या मॉडेलला हीच कसोटी लावायची. ज्या फोटोंवर त्याने सुमारे ९५ टक्के खात्री सांगितली त्यांपैकी सुमारे ९५ टक्के फोटोंचे निदान बरोबर आहे का, एवढेच आपण विचारत असतो.

न्यूरल नेटवर्क ही कसोटी सहसा का पार करत नाही, हे समजले की T नेमके काय करतो तेही समजते. प्रशिक्षणात आपण क्रॉस-एन्ट्रॉपी लॉस, म्हणजे बरोबर वर्गाला कमी संभाव्यता दिल्याबद्दलचा दंड, कमी करत असतो. काही काळानंतर ट्रेनिंग सेटमधील जवळपास सगळे फोटो बरोबर ओळखले जाऊ लागतात, पण लॉस अजून शून्य झालेला नसतो. तो आणखी कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लॉजिटची, म्हणजे मॉडेल प्रत्येक वर्गाला देते त्या कच्च्या गुणांची, किंमत फुगवणे. या गुणांचे बेरीज १ होणाऱ्या संभाव्यतांत रूपांतर करणाऱ्या सूत्राला सॉफ्टमॅक्स म्हणतात. बरोबर वर्गाचे लॉजिट इतरांपासून जितके दूर जाईल तितकी सॉफ्टमॅक्समधून निघणारी संभाव्यता १ च्या जवळ जाते आणि लॉस घटतो. पाहिलेल्या फोटोंवर याने काही बिघडत नाही. न पाहिलेल्या फोटोंवर मात्र मॉडेल चुकते तेव्हाही त्याच फुगलेल्या लॉजिटने चुकते. म्हणून प्रशिक्षण लांबवत नेले की व्हॅलिडेशनवरील अचूकता स्थिर किंवा किंचित वाढती राहते आणि लॉस मात्र वर चढू लागतो. आपल्या लॉगमध्ये हे बहुधा दिसेल. गुओ, प्लाइस, सन आणि वाइनबर्गर यांनी २०१७ मध्ये त्या काळच्या खोल नेटवर्कमधील हा दोष सविस्तर दाखवला आणि त्यावर जो अगदी साधा उपाय पुष्कळदा पुरतो असे सांगितले, तोच हा टेम्परेचर स्केलिंगचा उपाय.

उपाय असा की, सॉफ्टमॅक्सला देण्यापूर्वी सगळी लॉजिट एकाच धन संख्येने, म्हणजे T ने भागायची. T एकपेक्षा मोठा असेल तर लॉजिटमधील अंतरे आक्रसतात आणि खात्री उतरते. एकपेक्षा लहान असेल तर खात्री चढते. दोन फोटोंवर हे करून पाहू. पहिल्या फोटोची लॉजिट ६, २.५, १ आणि ०.५ आहेत असे धरा. मूळ सॉफ्टमॅक्समधून पहिल्या वर्गाला ०.९६ मिळतात. दुसऱ्या फोटोची लॉजिट ९, २, १.५ आणि १ आहेत, त्याला ०.९९८ मिळतात. पडद्यावर एकाला ९६ टक्के आणि दुसऱ्याला जवळपास १०० टक्के दिसतात, आणि दोन्ही उत्तरे पक्कीच आहेत असे वाचणाऱ्याला वाटते. आता सगळी लॉजिट १.८ ने भागा. पहिला फोटो ०.८० वर येतो आणि दुसरा ०.९५ वर थांबतो. दोन्ही फोटोंची लॉजिट एकाच संख्येने भागली, तरी ज्या फोटोत दुसऱ्या क्रमांकाचा वर्ग जवळ होता त्याची खात्री अधिक उतरली. सॉफ्टमॅक्सच्या वरच्या टोकाला गर्दी करून बसलेले फोटो अशा रीतीने पुन्हा एकमेकांपासून सुटे होतात, आणि व्यवहारात या पद्धतीचा मला सर्वांत जास्त उपयोग होतो तो इथेच.

भागाकाराने लॉजिटचा आपसातील क्रम बदलत नाही. जो वर्ग आधी सर्वांत वर होता तोच नंतरही वर राहतो, त्यामुळे प्रत्येक फोटोचे निदान तेच राहते आणि ८४ टक्क्यांचे ८४ टक्केच राहतात. T बदलल्यावर आपली अचूकता बदलली असती तर कोडमध्ये चूक आहे असे मी म्हटले असते. यातच पद्धतीची मर्यादाही आली. टेम्परेचर स्केलिंग मॉडेलला नवे काही शिकवत नाही. जो करपा त्याला तुडतुडे वाटतो तो तसाच वाटत राहणार, बदलतो तो फक्त त्या उत्तरासोबतचा आकडा.

आता T काढण्याच्या कृतीकडे येऊ. आपण कोड दिलेला नाही, म्हणून मी वापरतो तो लहानसा तुकडा देतो. `val_logits` मध्ये व्हॅलिडेशन सेटची लॉजिट आणि `val_labels` मध्ये खरे वर्ग आधीच साठवलेले आहेत असे धरले आहे.

```python
import torch
import torch.nn.functional as F

log_T = torch.zeros(1, requires_grad=True)
opt = torch.optim.LBFGS([log_T], lr=0.1, max_iter=100)

def closure():
    opt.zero_grad()
    loss = F.cross_entropy(val_logits / log_T.exp(), val_labels)
    loss.backward()
    return loss

opt.step(closure)
T = log_T.exp().item()
```

T ऐवजी त्याचा लॉगॅरिथम शोधला आहे तो T कधी ऋण होऊ नये म्हणून. मॉडेलचे वजन इथे कुठेच बदलत नाही, एकच संख्या शोधली जाते. त्यामुळे काही शे फोटोंचा व्हॅलिडेशन सेटही यासाठी पुरतो. या टप्प्यावर दोन चुका वारंवार पाहायला मिळतात. एक म्हणजे लॉजिट साठवताना `model.eval()` द्यायचे राहून जाते, आणि ड्रॉपआउट, म्हणजे प्रशिक्षणात नेटवर्कचे काही भाग यादृच्छिकपणे बंद ठेवण्याची युक्ती, चालू असतानाची लॉजिट वापरली जातात. दुसरी म्हणजे मॉडेलच्या शेवटी सॉफ्टमॅक्स आधीच बसवलेला असतो आणि लॉजिट समजून संभाव्यताच भागल्या जातात. दुसरी चूक ओळखणे सोपे आहे. चार वर्गांत ० ते १ मधल्या संख्यांवर पुन्हा सॉफ्टमॅक्स लावला तर सर्वांत मोठी संभाव्यता ०.४८ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून ती वर ओढण्यासाठी T एकपेक्षा फारच लहान येतो. आपला १.८ आहे, तेव्हा ही चूक आपल्याकडे झालेली दिसत नाही. T टेस्ट सेटवर काढलेला नाही ना, एवढे मात्र तपासा. तसे झाले असेल तर टेस्टचा डायग्राम चांगला दिसणे यातून काहीच सिद्ध होत नाही.

आता आपले तक्ते. रिलायबिलिटी डायग्राममध्ये आडव्या अक्षावर मॉडेलने सांगितलेली खात्री असते, उभ्या अक्षावर त्या गटातील फोटोंची प्रत्यक्ष अचूकता असते, आणि कर्णरेषेवर दोन्ही सारख्या असतात. स्तंभ रेषेखाली राहिला तर मॉडेलने जेवढे सांगितले तेवढे करून दाखवले नाही, म्हणजे अतिआत्मविश्वास. रेषेच्या वर गेला तर ते उगाच कचरत होते. स्केलिंगपूर्वीच्या आपल्या तक्त्यात ०.९ ते १ या एकाच गटात ५०० पैकी ४०० फोटो आहेत. त्यांची सरासरी खात्री ०.९८ आहे आणि बरोबर आले ३५६, म्हणजे ०.८९. उरलेल्या १०० फोटोंची सरासरी खात्री ०.७२ आणि बरोबर ६४. सगळीकडे साधारण आठ-नऊ टक्क्यांची फुगवट आहे आणि सगळीकडे एकाच दिशेने आहे. एका T ने बरा होणारा दोष चित्रात असाच दिसतो. काही गट रेषेच्या बरेच वर आणि काही बरेच खाली, शिवाय प्रत्येक गटात फोटो भरपूर, असे चित्र असते तर एकट्या T कडून मी फार अपेक्षा ठेवली नसती.

स्केलिंगनंतरच्या तक्त्यात शेवटच्या गटात २४० फोटो उरले. त्यांची सरासरी खात्री ०.९५ आणि बरोबर २२६, म्हणजे ०.९४. आपल्याला खटकलेला ‘किंचित खाली’ तो हाच. ०.९५ खात्रीच्या २४० फोटोंत २२८ बरोबर येणे अपेक्षित होते, दोन कमी आले. निव्वळ योगायोगानेही एवढ्या फोटोंत तीन-चारचा फरक सहज पडतो. मधल्या स्तंभाचेही तेच. ०.५ ते ०.६ या गटात केवळ १८ फोटो आहेत, त्यांची सरासरी खात्री ०.५५, बरोबर १३. चित्रात हा स्तंभ ०.७२ पर्यंत उठतो आणि नजर प्रथम तिथेच जाते. पण अपेक्षा होती १० ची, आले १३. अठरा फोटोंत दोन-तीनचा चढउतार रोजचाच, त्यामुळे हे तीन फोटो कॅलिब्रेशनमधला दोष दाखवतात असे मला म्हणता येणार नाही.

म्हणूनच प्रत्येक स्तंभावर फोटोंची संख्या लिहिल्याशिवाय रिलायबिलिटी डायग्राम कोणालाही दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक लायब्रऱ्यांची तयार चित्रे संख्या दाखवत नाहीत. चारशे फोटोंचा स्तंभ आणि बारा फोटोंचा स्तंभ त्यांत एकाच रुंदीचे व एकाच रंगाचे दिसतात. याला दोन तोडगे आहेत. एक, चित्राखाली खात्रीचा हिस्टोग्राम जोडणे. दोन, गट समान रुंदीचे न करता समान संख्येचे करणे, म्हणजे ५०० फोटो खात्रीच्या क्रमाने लावून पन्नास-पन्नासचे दहा गट पाडणे. बिंदूही गटाच्या मध्यावर न मांडता गटातील खऱ्या सरासरी खात्रीवर मांडावा. शेवटच्या गटात सगळे फोटो ०.९८ च्या आसपास असताना स्तंभ ०.९५ वर मांडला, तर तीन टक्क्यांची चूक केवळ आलेखनातून दिसेनाशी होते.

गटागटांतील अंतरांची फोटोंच्या संख्येनुसार भारित सरासरी काढली की एक्स्पेक्टेड कॅलिब्रेशन एरर, म्हणजे ईसीई, मिळतो. आपल्या तक्त्यांवरून तो स्केलिंगपूर्वी साधारण ०.०८८ आणि नंतर साधारण ०.०२२ येतो. सुधारणा खरी आहे. तरी हा एकच आकडा अहवालात देऊन थांबू नका. समजा एखाद्या आळशी मॉडेलने निदाने हीच ठेवली आणि प्रत्येक फोटोवर न चुकता ‘८४ टक्के’ असे छापले. त्याचा ईसीई शून्य येईल, कारण सगळे फोटो एकाच गटात पडतील आणि त्या गटाची अचूकता ८४ टक्केच असेल. कोणत्या फोटोवर विश्वास ठेवावा आणि कोणता माणसाकडे पाठवावा, याबद्दल मात्र ते मॉडेल अवाक्षर सांगत नाही. म्हणून मी सोबत टेस्टवरील क्रॉस-एन्ट्रॉपी किंवा ब्रायर गुणांक नेहमी देतो. त्या आळशी मॉडेलला हे दोन्ही आकडे योग्य ती शिक्षा करतात.

यापुढचा भाग आपल्या फवारणीच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. आपण काढलेला डायग्राम चारही वर्ग एकत्र करून, फक्त सर्वांत वरच्या उत्तराचा आहे. एका वर्गातील अतिआत्मविश्वास दुसऱ्या वर्गातील संकोचाने त्यात झाकला जातो. तेव्हा शेवटच्या गटातील २४० फोटो मॉडेलने सांगितलेल्या वर्गानुसार वेगळे करून पाहा. आपली ही विभागणी मला ठाऊक नाही, म्हणून समजण्यापुरती एक कल्पून घेतो. ‘निरोगी’ सांगितलेले १२०, त्यांत चूक २. ‘भुरी’ ६०, चूक ३. ‘तुडतुडे’ २५, चूक १. ‘करपा’ ३५, चूक ८. एकूण चुका चौदाच, एकत्रित स्तंभ रेषेला जवळजवळ चिकटलेला, आणि तरी करप्याच्या ३५ उत्तरांपैकी २७ च बरोबर, म्हणजे सांगितलेली खात्री ९५ टक्के आणि प्रत्यक्षात ७७ टक्के. पस्तीस फोटोंत दोन चुका अपेक्षित असताना आठ होणे योगायोगाच्या खात्यात टाकता येत नाही.

मोहोराच्या फोटोंत असे होण्याचे एक कारण बागेत फिरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. तुडतुडे रस शोषताना चिकट गोड स्राव टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मोहोर काळवंडतो. करप्यानेही मोहोरावर काळे डाग पडून तो सुकतो. लांबून, मळभ असताना काढलेल्या फोटोत दोन्हींचा काळेपणा सारखाच दिसतो. कीड कीटकनाशकाने आटोक्यात आणायची असते आणि करपा बुरशीनाशकाने, त्यामुळे इथे निदान चुकले की फवारणीचा खर्चही जातो आणि तुडतुडे मोहोरावर तसेच राहतात. एकच T चारही वर्गांना लागू होत असल्याने हा दोष त्याच्याने दुरुस्त होणार नाही. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र गुणक देणारी व्हेक्टर स्केलिंगची पद्धत आहे, पण तिच्यात अधिक संख्या शोधाव्या लागतात, म्हणून तिला व्हॅलिडेशनचे फोटोही अधिक लागतात, आणि तिच्याने निदानेही बदलू शकतात. माझा कल अशा वेळी करपा आणि काळ्या बुरशीचे जवळून काढलेले फोटो वाढवण्याकडे असतो. तोपर्यंत ‘करपा’ हे उत्तर, खात्री कितीही दिसो, आधी जाणकाराच्या नजरेखालून जाऊ द्यावे.

आता ९० टक्क्यांची रेषा. ती कुठून आली हे आपण सांगितलेले नाही. बहुतेकांकडे ती गोल आकडा म्हणून येते. त्याऐवजी खर्चातून ती काढता येते. समजा चुकीच्या फवारणीने बागायतदाराचे औषध आणि मजुरी मिळून ३,००० रुपये वाया जातात आणि एक फोटो जाणकाराला दाखवून घेण्याचा खर्च १५० रुपये येतो. दोन्ही आकडे उदाहरणापुरते आहेत, आपल्या बागायतदारांना विचारून खरे आकडे घाला. थेट सल्ला तेव्हाच परवडतो जेव्हा चुकण्याची शक्यता गुणिले ३,००० हे १५० पेक्षा कमी असते, म्हणजे चुकण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी हवी आणि खात्री ९५ टक्क्यांहून जास्त. या हिशेबात ९० ची रेषा सैल ठरते. शेवटच्या गटाची सरासरी ०.९५ असली तरी त्यातच ०.९१ चे फोटोही बसलेले आहेत, आणि कॅलिब्रेशन चांगले असेल तर त्यांतील जवळपास अकरापैकी एक चुकणारच. गटाच्या सरासरीवर समाधान मानून रेषा गटाच्या तळाशी ओढली की नेमके हे फोटो आत शिरतात. स्केलिंगपूर्वीच्या ९० च्या रेषेवर ४०० फोटोंत ४४ चुकीचे सल्ले गेले असते, आता २४० फोटोंत १४ जातील. निदाने तीच आहेत, केवळ आकडे खरे बोलू लागल्याने ती रेषा अधिक कडक झाली. असा हिशेब कॅलिब्रेटेड आकड्यावरच मांडता येतो. मूळ सॉफ्टमॅक्सच्या ०.९८ वर मांडला असता तर उत्तर सरळ चुकीचे आले असते.

राहिला व्हॅलिडेशन सेट, आणि माझी सर्वांत मोठी शंका इथेच आहे. एकाच झाडाचे, कधी एकाच तुऱ्याचे, चार-पाच फोटो काढले जातात आणि मग सगळे फोटो सरमिसळ करून ट्रेनिंग, व्हॅलिडेशन, टेस्ट असे वाटले जातात. तसे झाले असेल तर व्हॅलिडेशनमधील फोटोंची भावंडे मॉडेलने आधीच पाहिलेली असतात. त्यामुळे अचूकता फुगते आणि T हवा त्यापेक्षा लहान येतो. वाटणी बागेनुसार करावी, एका बागेचे सगळे फोटो एकाच सेटमध्ये. तशी वाटणी करून मॉडेल पुन्हा शिकवले आणि T १.८ वरून २.५ वर गेला तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. तो १.८ च्या आसपासच राहिला तर आपली मूळ वाटणी ठीक होती असे समजायला हरकत नाही.

बागा वेगळ्या ठेवूनही एक प्रश्न उरतो. T हा ज्या फोटोंवर काढला त्या फोटोंच्या जातीचा असतो. आपले फोटो रत्नागिरी तालुक्यातले आहेत. ॲप देवगड किंवा वेंगुर्ल्यात वापरले जाईल, फोन वेगळे असतील, नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहिल्या मोहोरावर शिकलेले मॉडेल जानेवारी-फेब्रुवारीतला मोहोर पाहील. अशा बदलात अचूकता घसरते, आणि जुन्या फोटोंवर काढलेला T ती घसरण पुरेशी टिपत नाही, हे ओवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अनेक पद्धती शेजारी ठेवून दाखवले. माझा रिवाज असा आहे की, नव्या भागातून दोनशेच्या आसपास फोटो गोळा करून जाणकाराकडून त्यांचे वर्ग ठरवून घ्यायचे आणि T ला हात न लावता त्यांचा डायग्राम काढायचा. स्तंभ पुन्हा एका बाजूने रेषेखाली गेले तर त्यांतील निम्म्या फोटोंवर T नव्याने काढून उरलेल्या निम्म्यांवर तपासायचा. एवढ्या कमी फोटोंतून निघालेला T किती हलतो हे पाहण्यासाठी त्याच फोटोंतून पुनःपुन्हा यादृच्छिक नमुने घेऊन T काढावा. तो १.९ ते २.२ मध्ये फिरत असेल तर वापरा, १.३ ते ३.५ मध्ये फिरत असेल तर आणखी फोटो लागतील.

कोकणातल्या बागेत आणखी एक गोष्ट हमखास घडेल. आंब्याशेजारी काजू असतो, आणि कोणीतरी ढेकण्याने करपवलेल्या काजूच्या मोहोराचा फोटो काढून पाठवेलच. मॉडेलपुढे चारच वर्ग आहेत आणि सॉफ्टमॅक्स त्या चारांची बेरीज १ करूनच उत्तर देतो. ‘हा आंबाच नाही’ असे म्हणायला त्याच्याकडे जागा नाही. T वाढवून खात्री थोडी उतरेल, पण काजूच्या फोटोवर ०.९३ ने ‘करपा’ येणे अगदी शक्य आहे, आणि आपल्या डायग्राममध्ये याचा मागमूसही दिसणार नाही, कारण टेस्ट सेटमध्ये काजू नव्हताच. यासाठी ‘इतर’ असा पाचवा वर्ग करून त्यात काजू, पालवी, फळे आणि निव्वळ आकाशाचे फोटो घालणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग आहे. पाचवा वर्ग आला की लॉजिट बदलतात आणि १.८ निकामी होतो, तो पुन्हा काढावा लागतो.

हेच मॉडेल पुन्हा शिकवले, लेबल स्मूदिंग वापरले किंवा फोनवर चालावे म्हणून ८ बिटांत आवळले तरी तेच करावे लागेल. लेबल स्मूदिंगमध्ये प्रशिक्षणात बरोबर वर्गाचे लक्ष्य पूर्ण १ न ठेवता थोडे कमी ठेवतात. ते लॉजिट फुगू देत नाही, त्यामुळे T एकच्या जवळ किंवा त्याखालीही येऊ शकतो, आणि तिथे जुना १.८ तसाच राहिला तर मॉडेल विनाकारण घाबरट होईल. म्हणून T ॲपच्या कोडमध्ये कुठेतरी टाइप करून ठेवू नका, तो मॉडेलच्या फाइलसोबतच साठवा आणि आवळलेल्या मॉडेलची लॉजिट घेऊनच काढा. बागेनुसार वाटणी केल्यानंतरचा तक्ता, त्यातल्या शेवटच्या गटाची वर्गनिहाय विभागणी करून, इथे टाकलात तर करप्याची रेषा कुठे ओढावी ते नेमकेपणाने सांगता येईल.